‘का’ झाकून ठेवा, ‘कोण म्हणतं’ झाकू नका

धार्मिक शॉर्ट्स आणि रील्सच्या टायटलवर चर्चा सुरू झाली की ती हमखास सुराकडे वळते. टायटल भडक नको, सौम्य हवं, श्रद्धेला शोभेल असं हवं, वगैरे. मला हा मुद्दा दुय्यम वाटतो. भडक शब्दांत खरं सांगता येतं आणि अत्यंत सात्त्विक शब्दांत थापही मारता येते. ‘या मंत्राने घरात शांती नांदेल’ हे वाक्य दिसायला किती सोज्वळ आहे! पण ती एका अनोळखी माणसाला दिलेली हमी आहे आणि ती पाळण्याची जबाबदारी कोणावरच नाही. याउलट ‘अर्जुन थरथर कापू लागला’ हे टायटल सनसनाटी वाटतं. पण गीतेच्या ११व्या अध्यायातल्या ३५व्या श्लोकात संजय नेमकं हेच सांगतो. अर्जुन हात जोडून, कापत, भीतभीत नमस्कार करतो. मजकुरात आहे ते टायटलमध्ये आलं, एवढंच.

तेव्हा सूर बाजूला ठेवू. उत्सुकता जागवायची तर काहीतरी झाकून ठेवावंच लागतं. कारण झाका, शेवट झाका, उत्तर झाका. त्यात फसवणूक नाही. हे कोण म्हणतं आहे, म्हणजे ग्रंथ, परंपरा, इतिहास की बोलणारा स्वतः, हे मात्र झाकायचं नाही. धार्मिक व्हिडिओंच्या टायटलमध्ये होणारी दिशाभूल मला बहुतेक वेळा याच एका जागी सापडते.

उत्सुकतेबद्दल मानसशास्त्रात एक जुना आणि उपयोगी विचार आहे. जॉर्ज लोवेनस्टाइन यांनी १९९४ मध्ये मांडलं की आपल्याला एखाद्या गोष्टीचं काही ठाऊक असतं आणि त्यातलाच एक तुकडा हरवलेला दिसतो, तेव्हा उत्सुकता पेटते. यातला पहिला भाग टायटल लिहिणारे विसरतात. ‘हे ऐकून तुम्ही थक्क व्हाल’ यात हरवलेला तुकडा आहे, पण ठाऊक असलेलं काहीच नाही. कशाबद्दल, कुणाबद्दल, कुठलं? अशा टायटलला वाचणाऱ्याच्या मनात पाय रोवायला जागा मिळत नाही, म्हणून मग ते आवाज चढवतं, उद्गारचिन्हं लावतं. फेसबुकने २०१६ मध्ये क्लिकबेट ओळखण्यासाठी दोन खुणा ठरवल्या होत्या: विषय समजायला लागणारी माहिती टायटलमधून मुद्दाम काढून घेणं आणि गोष्ट फुगवून सांगणं. दोन्ही खुणा ‘थक्क व्हाल’ला चपखल लागू पडतात. बायबलमधल्या योना या संदेष्ट्याच्या गोष्टीवरच्या ‘शहर वाचलं म्हणून योना का रागावला?’ या टायटलला मात्र एकही लागू पडत नाही. तिथे माणूस आहे, प्रसंग आहे, विसंगती आहे आणि झाकलेलं आहे ते फक्त कारण.

आता शॉर्ट्सची स्वतःची एक गंमत. लांब व्हिडिओचं टायटल आधी वाचलं जातं आणि मग बोट पडतं. शॉर्ट्सच्या फीडमध्ये व्हिडिओ आपोआप सुरू होतो. टायटल खाली बारीक अक्षरात असतं आणि बघणारा ‘थांबू की सरकवू’ हे ठरवत असताना ओझरतं वाचलं जातं. म्हणजे ज्या क्लिकसाठी एवढा आटापिटा, ती क्लिक तिथे बहुधा नसतेच. त्यातच ३१ मार्च २०२५ पासून यूट्यूबने शॉर्ट्सचे व्ह्यूज मोजण्याची पद्धत बदलली. व्हिडिओ नुसता सुरू झाला तरी व्ह्यू धरला जातो, किती सेकंद पाहिला याची अट नाही. त्यामुळे ‘माझ्या टायटलने लाखभर व्ह्यूज आणले’ या वाक्यातला ‘माझ्या टायटलने’ हा भाग तपासल्याशिवाय मान्य करू नये. तपासायचंच असेल तर अ‍ॅनालिटिक्समध्ये किती जणांनी पाहिलं आणि किती जणांनी सरकवलं याचं प्रमाण दिसतं, ते बघावं. आणि तेही मुख्यतः पहिल्या दोन-तीन सेकंदांतल्या चित्रावर आणि आवाजावर ठरतं.

मग टायटलचं काम कुठे असतं? शोधात, चॅनेलच्या पानावर आणि सगळ्यात जास्त, फॉरवर्डमध्ये. लिंक व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर गेली की तिच्यासोबत टायटल जातं. ग्रुपमधले बरेच जण व्हिडिओ उघडतच नाहीत. ते टायटल वाचतात, हात जोडल्याचं चिन्ह टाकतात आणि पुढे जातात. त्यांच्यापुरतं टायटल हाच संदेश. म्हणून टायटल तपासायची माझी कसोटी सरळ आहे: ज्याने व्हिडिओ पाहिलाच नाही, त्याच्या डोक्यात हे वाक्य काय ठेवून जाईल? ते खोटं असेल तर आतला व्हिडिओ कितीही अभ्यासपूर्ण असो, उपयोग नाही. बरं, व्हिडिओ पाहिला तरी धोका पूर्ण टळत नाही. बातम्यांच्या मथळ्यांवर उलरिख एकर आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये केलेल्या प्रयोगांत असं दिसलं, की मथळा थोडा जरी दिशाभूल करणारा असला तरी पूर्ण लेख वाचणाऱ्यांच्या स्मरणावर आणि निष्कर्षांवर त्याचा ठसा उरतो. आतला मजकूर टायटलचं पाप धुऊन टाकत नाही.

एक व्हिडिओ घेऊन हे सगळं करून बघू. विषय गीतेचा ११वा अध्याय, विश्वरूपदर्शन. लांबी ५० सेकंद, म्हणजे निवांत बोललं तर शंभरेक शब्द. अध्यायात श्लोक ५५. एवढ्यात सगळा अध्याय बसणार नाही हे उघड आहे, त्यामुळे एकच प्रसंग निवडू: ४१ आणि ४२ हे श्लोक. विश्वरूप पाहून हादरलेला अर्जुन इथे क्षमा मागतो. तुझा महिमा न कळल्यामुळे मी तुला सलगीने ‘हे कृष्णा, हे यादवा, हे सख्या’ अशा हाका मारल्या. खेळताना, झोपताना, बसताना, जेवताना थट्टेत तुझा अवमान केला. त्याबद्दल मला क्षमा कर, असं तो म्हणतो. रणांगणावर दोन सैन्यांच्या मधोमध उभ्या असलेल्या माणसाला जुन्या थट्टामस्करीची आठवण व्हावी, यातच सगळी उत्सुकता आहे. बाहेरून मसाला आणायची गरज नाही.

पहिलं टायटल जे कुणालाही सुचेल: ‘श्रीकृष्णाचं भयंकर रूप! ९९% लोकांना हे माहीत नाही’. हे ९९ टक्के कुणी मोजले? ही निव्वळ बनावट आकडेवारी आहे आणि ती देवाच्या नावाखाली खपते, एवढंच तिचं भाग्य. दुसरं: ‘विश्वरूपाचं लपवलेलं रहस्य’. कुणी लपवलं? शतकानुशतकं मोठ्याने पाठ होणारा अध्याय आहे तो. ‘लपवलेलं’ म्हटलं की लपवणारा कुणीतरी आलाच; वाचणारा आपापल्या रागाप्रमाणे तो माणूस मनात बसवून घेतो. या एका शब्दाने कितीतरी द्वेष फुकटात पेरला जातो. तिसरं: ‘विश्वरूप खरंच दिसलं होतं का?’ हा प्रश्न विचारायला हरकत नाही, पण ५० सेकंदांचा हा व्हिडिओ त्याला शिवतही नाही. श्रद्धाळू दुखावतो, चिकित्सक फसतो. ‘आहे का’, ‘होतं का’ असे हो-नाहीचे प्रश्न धार्मिक टायटलमध्ये मी शक्यतो टाळतो. त्यांच्या आडून एक दावा आत ढकलला जातो आणि विचारलंच तर ‘आम्ही फक्त प्रश्न विचारला’ म्हणून हात वर करता येतात. ‘का’, ‘कसं’, ‘कशासाठी’, ‘कुणाला’ हे प्रश्न त्या मानाने प्रामाणिक, कारण त्यांचं उत्तर व्हिडिओत आहे की नाही हे बघणाऱ्याला लगेच कळतं.

मग ‘अर्जुनाला श्रीकृष्णाची भीती का वाटली?’ हे कसं आहे? बरं आहे, पण अर्धंच. ४५व्या श्लोकात अर्जुन स्वतः सांगतो की कधी न पाहिलेलं पाहून मी हर्षित झालोय आणि भयाने माझं मन व्याकुळही झालंय. दोन्ही एकदम. फक्त भीती उचलली की देव म्हणजे धाक एवढंच उरतं.

शेवटी मी इथे थांबेन: ‘अर्जुनाने श्रीकृष्णाची माफी का मागितली? गीता ११.४१’. नाव ओळखीचं आहे, प्रसंगातली विसंगती उघड आहे, कारण झाकलेलं आहे आणि हे कुठे लिहिलंय तेही समोर आहे. फीडमध्ये शेवटचा संदर्भ कापला गेला, तरी उरलेलं वाक्य खरंच राहतं. याची काळजी मुद्दाम घ्यावी लागते, कारण यूट्यूबच्या टायटलला १०० कॅरेक्टरची मर्यादा आहे आणि देवनागरीत ती लवकर भरते. मात्रा, वेलांटी, उकार, पाय मोडलेलं अक्षर, सगळं वेगवेगळं मोजलं जातं. ‘श्रीकृष्ण’ दिसायला तीन अक्षरं, मोजणीत नऊ. वरचं टायटल मोजणीत ५० भरतं, म्हणजे निम्मी जागा शिल्लक. ती शिल्लकच राहू द्यावी; भरली की तिथे हॅशटॅगची रांग लागते.

टायटल झालं तरी काम संपत नाही, कारण त्याने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर वेळेवर मिळायला हवं. माझ्या हिशेबाने उत्तर पहिल्या अर्ध्यात, पंचविसाव्या सेकंदापर्यंत यावं. शेवटच्या सेकंदाला आलं तर ताणल्यासारखं वाटतं आणि ‘पुढच्या भागात बघा’ म्हटलं तर तो सरळसरळ वचनभंग.

उरलेल्या अर्ध्यात काय सांगायचं यावर या व्हिडिओचा खरेपणा ठरतो. ४१-४२ वर थांबलं तर बघणारा एक भलताच निष्कर्ष घेऊन जातो, की देवाला मित्र म्हणणं हीच चूक. आणि पुढच्या आठवड्यात कुणीतरी त्याचं टायटलही करतो: ‘देवाला मित्र समजता? गीता सांगते ही मोठी चूक!’ दोनच श्लोक पुढे जाऊन बघा. ४४व्या श्लोकात अर्जुन म्हणतो, पिता पुत्राचं, सखा सख्याचं, प्रियकर प्रियेचं जसं सहन करतो तसं तू माझं सहन कर. ज्या सख्यपणाबद्दल क्षमा मागितली, त्याच सख्यपणाच्या नात्याने ती क्षमा मागितली! आणि ५०व्या श्लोकात श्रीकृष्ण पुन्हा सौम्य रूप घेऊन त्या घाबरलेल्याला धीर देतो. तेव्हा उरलेले पंचवीस सेकंद ४४व्या श्लोकाला द्यायला हवेत. धार्मिक मजकुरात दिशाभूल अशी होते. खोटं कुणी रचत नाही, खरं अर्ध्यावर कापतात. म्हणून श्लोक, ओवी, वचन किंवा आयत टायटलला घेण्याआधी त्याच्या मागच्या-पुढच्या चार-पाच ओळी वाचाव्यात. तेवढ्याने बरीच घाण आधीच गाळली जाते.

या मांडणीवर एक आक्षेप खरोखर जोरदार आहे. एक चॅनेल चालवणारा तरुण मला म्हणाला होता, “सर, फळाची हमी आम्ही कुठे देतो? स्तोत्रातच दिलेली असते की!” त्याचं म्हणणं खोटं नाही. संकटनाशन गणेशस्तोत्राची फलश्रुतीच सांगते की जप केल्यास सहा महिन्यांत फळ मिळतं, वर्षभरात सिद्धी मिळते, यात संशय नाही. विद्यार्थ्याला विद्या, धन मागणाऱ्याला धन. मग ‘हे स्तोत्र म्हणा, सहा महिन्यांत फळ मिळेल’ या टायटलने काय बिघडलं?

बिघडलं ते असं. स्तोत्र म्हणणारा ते संपूर्ण म्हणतो, त्यातली बारा नावं घेतो, सकाळ, दुपार, संध्याकाळ अशा तिन्ही वेळांचा नेम पाळतो आणि फलश्रुती त्याला त्या सगळ्याच्या शेवटी, स्तोत्राच्याच तोंडून भेटते. टायटलमध्ये तीच ओळ संदर्भाविना सुटी येते आणि आता ती चॅनेल बोलत असतं. परीक्षेच्या, कर्जाच्या, आजारपणाच्या काळजीत असलेला माणूस रात्री फोन चाळताना ती वाचतो, तेव्हा ती त्याला हमी वाटते. उपाय म्हणून फलश्रुती वगळायची गरज नाही. ‘सहा महिन्यांत फळ: गणेशस्तोत्राची फलश्रुती काय सांगते?’ असं लिहिलं की उत्सुकता तशीच राहते, स्तोत्राचा मानही राहतो आणि बोलणारा कोण ते स्पष्ट होतं. श्रद्धाळू माणसाला यात खटकण्यासारखं काही नाही. त्याचा विश्वास स्तोत्रावर आहे, चॅनेलवर नाही.

आजाराचं मात्र मी वेगळं धरतो. ‘या प्रार्थनेने अमुक रोग बरा होतो’ असं टायटल ‘परंपरा सांगते’ हा शब्द जोडूनही लिहू नये. तिथे चुकीची किंमत वाचणारा शरीराने मोजतो. एखादा गोळ्या थांबवतो, एखादा तपासणी पुढे ढकलतो. संदर्भ दिल्याने ते नुकसान कमी होत नाही.

हा साचा एकाच धर्मापुरता नाही. योनाचंच घ्या. देवाने सोपवलेलं काम टाळून तो पळतो आणि मोठ्या माशाच्या पोटात जातो, इथपर्यंत त्याची गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते. चौथ्या अध्यायात निनवे शहराला देवाने क्षमा केली म्हणून हा संदेष्टा संतापतो आणि म्हणतो, तू दयाळू आहेस हे मला माहीत होतं, म्हणूनच मी पळालो होतो. ‘शहर वाचलं म्हणून योना का रागावला? बायबल, योना ४’. ओळखीच्या गोष्टीचा अनोळखी शेवट हा उत्सुकतेचा सर्वांत स्वच्छ झरा आहे आणि जुन्या ग्रंथांत त्याला तोटा नाही. बौद्ध सुत्तांतलं मालुंक्यपुत्त या भिक्खूचं प्रकरण तसंच. जग शाश्वत आहे की नाही, याचं उत्तर मिळेपर्यंत मी साधना करणार नाही, असं तो बुद्धांना सांगतो. बुद्ध उत्तर देत नाहीत आणि विषारी बाण लागलेल्या माणसाचा दृष्टान्त देतात. ‘बुद्धांनी कोणत्या प्रश्नांना उत्तर दिलं नाही? मज्झिम निकाय ६३’. गुरूने न दिलेलं उत्तर यापेक्षा जास्त ओढ कशाला असेल?

कधी कधी एकच शब्द पुरतो. कुराणातल्या सर्वांत आधी अवतरलेल्या मानल्या जाणाऱ्या आयती ९६व्या सूरेत, म्हणजे अध्यायात, येतात. ‘पहिल्या आयती, पण सूरा ९६वी: असं का?’ या टायटलमध्ये ‘परंपरेनुसार पहिल्या’ असं लिहिलं, की कुराणाच्या अवतरणाचा क्रम ही परंपरेने सांगितलेली माहिती आहे, हे मान्य होतं. व्हिडिओला मग एवढंच सांगायचं असतं की ग्रंथातल्या सूरांची मांडणी अवतरणाच्या क्रमाने नाही. ‘परंपरेनुसार’ने टायटल रटाळ होतं असं म्हणणारे भेटतात. होतं थोडं. चालवून घ्यावं.

धाक आणि शपथ घालणाऱ्या टायटलवर मी फार शब्द खर्च करत नाही. ‘खरा भक्त असाल तर शेअर कराल’, ‘दुर्लक्ष केलंत तर पश्चात्ताप होईल’ यात उत्सुकता नसतेच, श्रद्धेला घातलेली अट असते. फेसबुकने डिसेंबर २०१७ मध्ये शेअर, कमेंट, टॅग, लाइक यांसाठी गळ घालणाऱ्या पोस्ट फीडमध्ये खाली ढकलायचं जाहीर केलं, तेव्हा तिथेही हा प्रकार नियमात आला. शिवाय यात एक क्रूरपणा आहे. ज्याची श्रद्धा हळवी आहे तोच घाबरतो. बाकीचे हसून सरकवतात.

प्रामाणिक टायटलने नुकसान होतंच नाही असा माझा दावा नाही. काही प्रेक्षक जातील. ज्यांना चमत्कारच हवा होता ते ‘गीता ११.४१’ वाचून थांबणार नाहीत. शिवाय बोलणाऱ्याचा स्वतःचा अनुभव या कसोटीत अवघडच बसतो. ‘प्रार्थनेने मला सावरलं’ हे खोटं कसं म्हणणार? ते त्याच्यापुरतं खरं आहे आणि टायटलमध्ये ‘मला’ हा शब्द आहे तोवर मला त्यावर आक्षेप नाही. ‘मला’ गळून ‘तुम्हाला’ आलं की लगेच आक्षेप आहे.

ज्यांच्या चॅनेलवर आधीच शेकडो व्हिडिओ आहेत, त्यांनी सगळं एकदम बदलायला बसू नये. यूट्यूबवर टायटल नंतरही बदलता येतं. लिंक तीच राहते, व्ह्यूज तसेच राहतात, व्हिडिओ पुन्हा चढवावा लागत नाही. आधी आजार बरा करणारी टायटलं काढावीत. मग पैसा, लग्न, नोकरीची हमी देणारी, मग ‘लपवलेलं’ आणि ‘९९%’वाली. नुसती गुळमुळीत असलेली शेवटी. व्हिडिओवर कोरलेला मजकूर मात्र टायटल बदलल्याने बदलत नाही. तिथेही हमी लिहिलेली असेल तर तो व्हिडिओ काढूनच टाकावा लागतो. आणि जी लिंक ग्रुपमधून आधीच फिरली आहे, तिच्याखाली जुनं टायटल तसंच चिकटलेलं राहतं. ते कुणालाच परत घेता येत नाही.